विधीसाठी गाडी थांबेल

एक शब्द छापायला आमच्या पाथरीत कोणी तयार नव्हतं. शब्द शिवी नव्हता, सरकारविरुद्ध नव्हता, देवाधर्माविरुद्धही नव्हता. रावापासून रंकापर्यंत सगळे दिवसातून पाच-सात वेळा जे करतात त्याचं ते साधं मराठी नाव. पण तेवढ्यावरून मला लोकांनी निर्लज्ज ठरवलं, नवरा दोन दिवस बोलला नाही आणि माझी यात्रा गाडी सुटायच्या आधीच बुडायला आली.

मी कावेरी. बसस्टँडच्या मागे माझी खानावळ आहे. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, एस.टी.चे कंडक्टर असे जेवायला असतात. नवरा बन्सीधर पंचायत समितीत कारकून. गरीब गाय. कोणी पायावर पाय दिला तर ‘तुमच्या पायाला लागलं का?’ विचारणारा माणूस. घरात मोठा आवाज लागायचा तिथे माझाच लागतो आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन काशीला निघाले होते, व्यंकटरावांच्या यात्रा कंपनीतून. व्यंकटरावांचं पत्रक गुळगुळीत कागदावर, चार रंगांत, वर शंकर-पार्वती. ‘फक्त नऊशे एक रुपयात सर्व सोयींनी युक्त काशीयात्रा.’ त्या ‘फक्त’ला किती फाटे फुटले ते आम्ही वाटेत मोजत बसलो. मध्य प्रदेशच्या नाक्यावर टॅक्स वाढला म्हणून पैसे काढा. जबलपूरला धर्मशाळा महाग झाली, पैसे काढा. सकाळचा चहा सोयींत होता, संध्याकाळचा नव्हता. खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर आणि सत्तर-सत्तर वर्षांची माणसं गुडघ्यावर हात ठेवून जिने चढली.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. परमुलखात भांडून करणार काय? सोडलं नाही ते एकच. गाडी थांबायची ती ड्रायव्हरला चहाची तलफ आली की. थांबायची ती ढाब्यावर, ट्रकवाल्यांच्या गर्दीत. पुरुष पाठ फिरवून कुठेही उभे राहायचे. बायकांनी जायचं कुठं? एकदा मी ड्रायव्हरला मध्येच थांबवायला सांगितलं तर व्यंकटराव पुढच्या शिटेवरून मोठ्याने म्हणाले, “कोणाला घाई झाली? नाव सांगा, गाडी थांबवतो.” सगळी गाडी हसली. त्यानंतर कोणी बाई बोलली नाही. सासूबाईंनी पाणी तोडलं. चहा नको म्हणाल्या, ताक नको म्हणाल्या. जबलपूरच्या पुढे त्या माझ्या खांद्यावर कलंडल्या आणि दोन सलाईन लावून दवाखान्यातून बाहेर आल्या. डॉक्टर विचारत होता, पाणी का घेतलं नाही? सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या. गंगेचं दर्शन त्यांना झालं नाही. आम्ही तिथूनच रेल्वेने मागे फिरलो. व्यंकटरावांनी एक रुपया परत दिला नाही, वर म्हणाले, “भाग्यात असावं लागतं.”

त्या दिवशी माझ्या डोक्यात जे शिरलं ते निघालंच नाही. मी ठरवलं, म्हाताऱ्या माणसांची काशी-गयेची यात्रा मीच काढणार आणि भाग्यावर काही सोडणार नाही.

परभणीच्या एका बसवाल्याशी बोलणं केलं. टू बाय टू गाडी, बाहेरच्या राज्यांचं परमिट त्याचं. त्याला विसाराची आगाऊ रक्कम दिली. तो म्हणाला, “बाई, कोजागरीपर्यंत तीस शिटा भरल्या तर गाडी तुमची. न्हाई तर व्यंकटराव मागायलेतच, त्येंना देऊन टाकतो. विसार बुडाला समजा.” पैशाचं दुःख मी पचवलं असतं. पण मी ठरवलेली गाडी त्याच माणसाच्या हातात जायची, हे मला सहन होणार नव्हतं.

पत्रक मी स्वतः लिहिलं. सातवीपर्यंत शिकले आहे, तेवढं येतं. देवाचं चित्र नको म्हटलं, माणसांच्या कामाचं लिहू. गाडीच्या पहिल्या पायरीखाली लाकडी घडवंची लावू, गुडघेदुखीवाल्याला उचलून चढवायची वेळ येणार नाही. मुक्काम तळमजल्यावरच, एका खोलीत चौघे. आंघोळीला गरम पाणी. जेवण कमी तिखटाचं, दात नसणाऱ्याला मऊ खिचडी किंवा दुधात भाकरी. मागचं लांब बाक उसळतं, पाठीचं दुखणं असेल त्यानं ते घेऊ नये आणि जो घेईल त्याला तिकीट दीडशेनं कमी. बाकी तिकीट बाराशे. त्यात गाडी, सगळ्या नाक्यांचे टॅक्स, दोन वेळ जेवण, दोन वेळ चहा, मुक्काम. काय नाही तेही लिहिलं: होडी, टांगा, रिक्षा, औषध आणि विधींची दक्षिणा ज्याची त्याने द्यायची. बंद किंवा दंगलीमुळे गाडी निघाली नाही तर सगळे पैसे परत. त्या काळात विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद पुकारला जाईल याचा नेम नव्हता, म्हणून ते मुद्दाम घातलं.

आणि सगळ्यांत वर, ठळक, असं लिहिलं: ‘दर दोन तासांनी लघवीसाठी गाडी थांबेल. बायकांसाठी कनातीच्या आडोशाची सोय.’

दिनकररावांचा छापखाना बाजारपेठेत आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीचे कागद सगळं तेच छापतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, वर श्री आणि खाली हे?”

“खाली न्हाई. वरच. श्रीच्या खालोखाल.”

“यात्रेचं पत्रक आहे. लोक देवघरात ठेवतात.”

“ठेवू द्या की. देवाला म्हाईत न्हाई का?”

त्यांनी कागद खणात ठेवला. मला वाटलं, पटलं. खानावळीत दुपारची गर्दी होती, मी परत आले. दुसऱ्या दिवशी कच्ची प्रत बघायला नवऱ्याला पाठवलं आणि तिथेच मी फसले. पिवळ्या कागदाची हजार पत्रके घरी आली तेव्हा वाटणाऱ्यांच्या हातात गठ्ठे देताना मी वाचलंसुद्धा नाही. आपलंच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं?

पत्रके मानवत, सेलूपर्यंत गेली. देवळात, रेशन दुकानात, पिठाच्या गिरणीत चिकटली. आणि एक माणूस येईना. लोक मला रस्त्यात भेटले की नमस्कार करायचे, आदराने बाजूला व्हायचे. एक बाई तर पाया पडली. मी म्हटलं, हे काय नवीन?

आठवड्याने कस्तुराबाई आल्या. पाथरीपासून जवळच्याच खेड्यातल्या, दहा-बारा एकराच्या मालकीण, वय सत्तरीच्या पुढे. मुलगा शेती बघतो, कापसाच्या पैशातला आपला वाटा आईने यात्रेसाठी बाजूला काढलेला. ओट्यावर टेकल्या, पदराने तोंड पुसलं.

“कावेरी, एक इचारू का? राग येणार न्हाई ना?”

“इचारा की मावशी.”

“गाडीत भटजी किती नेणार हाव?”

“भटजी कशाला? एक बी न्हाई. गयेला तिथलेच असतेत.”

“मंग दोन-दोन तासाला इधी कोण करणार?”

“कसला इधी?”

त्यांनी कमरेचं पत्रक काढून माझ्यापुढे धरलं. नातवाकडून वाचून घेतलेलं, चौघडी घातलेलं. मी वाचलं. ‘दर दोन तासांनी विधीसाठी गाडी थांबेल.’ मी पुन्हा वाचलं. खाली माझंच वाक्य होतं, ‘विधींची दक्षिणा ज्याची त्याने द्यायची.’

“आमी हिसाब केला,” कस्तुराबाई म्हणाल्या. “एका इधीला अकरा रुपये तरी पडणारच. दिसातून सहा इधी. पंधरा दिस. माय, शेत इकावं लागंल की! व्यंकटराव बी वाटंत पैशे काढतो, पण त्यो दोन-दोन तासाला तर न्हाई काढत.”

त्या जरा पुढे सरकल्या आणि आवाज उतरवला.

“आन् ती बायकांची कनात. आडोशाला कोणता इधी करतेत गं? आमच्या गावात बाया भ्यायल्यात. तसलं काय आमच्यात न्हाई करत.”

तुम्ही हसाल. आज मीही हसते. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी ज्या लाजेला गाडीतून खाली उतरवायला निघाले होते, तिनेच माझं पत्रक छापलं होतं. म्हाताऱ्या माणसांना खरं सांगायचं एवढंच माझं भांडवल, आणि तेच खोटं पडलं होतं. कस्तुराबाईंना मी सरळ सांगितलं, विधी म्हणजे काय. त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. पण जाताना म्हणाल्या, “मला कळलं. बाकीच्यांना कोण सांगणार? आसं कोणी तोंडानं सांगतं का?”

नवरा कामावरून आला तेव्हा मी पत्रक त्याच्या ताटात ठेवलं.

“तुमी वाचलं होतं?”

“वाचलं होतं.”

“मंग?”

“दिनकरराव म्हणाले, सभ्य शब्द घालू. मला बरं वाटलं.” तो खाली बघून बोलत होता. “तुझं नाव हाय कावेरी खाली. कचेरीत चार लोक वाचणार. ‘तुमच्या मंडळी कशाकशाची यात्रा काढायल्यात’ आसं इचारतील.”

“तुमच्या आईनं पाणी तोडलं होतं तवा कचेरीतले चार लोक कुठं होते?”

तो उठून गेला. जेवला नाही. सासूबाई चतुराबाई आतल्या खोलीत होत्या, सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या नाहीत. त्यांचीही मला चीडच आली. खरं सांगते, त्या दिवशी मला जगातल्या सगळ्या सभ्य माणसांची चीड आली होती.

दिनकररावांकडे गेले. म्हटलं, पुन्हा छापा, पैसे घ्या. ते हात जोडून म्हणाले, “वहिनी, झाली ती चूक माझी, पैसे नकोत. म्हणाल तर ‘लघुशंका’ छापून देतो. तो तुमचा शब्द माझ्या हातून जुळणार नाही.”

“लघुशंका म्हंजी लोक समजतील मला बारीकशी शंका हाय.”

“मग ‘निसर्गाच्या हाकेसाठी’...”

“ऱ्हाऊ द्या. तुमच्या छापायच्या खिळ्यांतून न्हाई निघत ना? माझ्या तोंडातून निघंल.”

कोजागरीला चार दिवस राहिले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती आणि एकादशीला मारुतीच्या देवळात दुपारी प्रवचन असतं. आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं झाडून येतात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. प्रवचन संपलं की महाराज सूचना सांगायला माईक देतात: कोणाचं पारायण, कोणाचं लग्न, कोणाची म्हैस हरवली. मी नवऱ्याला फक्त एवढं सांगितलं की येणार असाल तर या.

आधी व्यंकटराव उठले. पांढरीशुभ्र टोपी, हातात त्यांची गुळगुळीत पत्रके. “यंदाही काशी, फक्त नऊशे एक्कावन्न. सर्व सोयींनी युक्त,” असं सांगून ते बायकांच्या बाजूला वळले. “आणि ज्यांना दोन-दोन तासाला विधी करायचे असतील त्यांनी कावेरीबाईंकडे नावं द्यावीत. आमच्याकडं एवढं पुण्य परवडत नाही.”

सभामंडप हसला. व्यंकटरावांना खरा अर्थ ठाऊक होता, हे त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं. छापखाना एकच, त्यांचंही पत्रक तिथेच व्हायचं. महाराजांनी माईक माझ्याकडे सरकवला. मी तो जवळ ओढला.

“व्यंकटरावांनी सांगितलं ते बरं झालं,” मी म्हटलं. “पत्रकात चूक झाली हाय. विधी म्हंजी पूजा न्हाई. त्येला एक पैसा पडणार न्हाई. माझी गाडी दर दोन तासानं लघवीला थांबणार हाय.”

भोंगा देवळाच्या शिखराखाली बांधलेला. शब्द पार बसस्टँडपर्यंत गेला असणार. पुरुषांत कोणीतरी शीळ घालावी तसा आवाज काढला. बायकांनी पदर तोंडात कोंबले. महाराजांनी डोळे मिटून घेतले. नवरा खांबाजवळ उभा होता, त्याने मान खाली घातली.

आता थांबले तर संपले, हे मला कळलं. मी पुढे बोलले. “हसा. मोकळं हसा. पण इथं बसलेल्या बायांनी मला सांगावं, एस.टी.नं औरंगाबादला जायचं आसलं तर आदल्या रात्रीपासून पाणी कोण पीत न्हाई? हात वर करू नका, मला म्हाईत हाय. माझ्या सासूबाई गंगेपर्यंत पोचल्या न्हाईत, सलाईन लावून परत आल्या. गाडी थांबवा म्हणायची लाज वाटली म्हणून! म्या त्या लाजंला बाराशे रुपये तिकीट लावलंय. कनात लावणार, पाण्याचा डब्बा ठेवणार, दोन बाया राखणीला उभ्या करणार. हे ज्येला वंगाळ वाटतं त्येनं व्यंकटरावांच्या गाडीत बसावं.”

व्यंकटराव हात झटकून म्हणाले, “देवळात हे बोलणं शोभतं का? काय हो अण्णासाहेब, तुम्हीच सांगा.”

अण्णासाहेब पुढे खुर्चीवर बसले होते. निझामाच्या काळात तुरुंगात जाऊन आलेले, नंतर वीस वर्षं शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी शिकवलेल्या पोरांना आता नातवंडं झाली होती. गावात त्यांच्यापुढे विडी ओढायची कोणाची छाती नव्हती. ते काठी टेकून सावकाश उठले. मला वाटलं, आता माझं खरं नाही.

“कावेरीबाई,” ते माईकशिवाय, वर्गात बोलावं तसं खणखणीत बोलले, “दोन तास म्हणता. मला दर तासाला जावं लागतं. तीन वर्षं झाली. प्रोस्टेट म्हणतात त्याला. म्हणून मी गाव सोडून कुठे जात नाही. तासाला थांबाल का?”

कोणी हसलं नाही. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, “मला बी तसंच हाय गुरुजी.” आणि आणखी एकाचा. पुरुषांच्या बाजूला माना हलू लागल्या.

‘हो’ म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे गाडी भरली असती. पण मी गेला महिनाभर बसवाल्याबरोबर बसून वेळेचं गणित केलेलं. दर तासाला थांबणं तेवढं सोपं नव्हतं.

“थांबन,” मी म्हटलं. “पण तासाला थांबलं की जाता-येता एक मुक्काम वाढतो. गाडीचं भाडं, एका रात्रीची धर्मशाळा, दोन वेळचं जेवण. माणशी पन्नास रुपये वाढतील. साडेबाराशे. मागच्या बाकाला अकराशे. हे आत्ता सांगते. काशीला गेल्यावर मागणार न्हाई.”

नवऱ्याने खांबाजवळून माझ्याकडे असं बघितलं, की बाई, जिंकत आलीस अन् हे काय बोललीस! व्यंकटराव लगेच म्हणाले, “बघा! गाडी निघाली नाही अन् दर चढला!” आणि खरोखरच आठ-दहा माणसं उठली, चपला शोधू लागली. त्यांतल्या दोघींना मी मनात कधीच शिटा दिल्या होत्या. बोलून गेले ते मागे घ्यावंसं एक क्षणभर वाटलं. पण मग माझ्यात अन् त्या ‘फक्त’मध्ये फरक काय राहिला असता?

अण्णासाहेब अजून उभेच होते. “पन्नास रुपये कशाचे, ते कळलं,” ते म्हणाले. “माझं नाव लिहा. पुढची शीट द्या, दाराजवळची.”

बायकांच्या बाजूने कस्तुराबाई उठल्या. “माझं बी. आन् माझ्या जावंचं. ती यायली न्हाई आज, तिचं दुखणं बी त्येच हाय.”

“माझ्या आईचं लिही,” खांबाजवळून आवाज आला. माझ्या नवऱ्याचा. बाईमाणसाशीही हळू बोलणारा हा माणूस सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा ओरडला होता. “चतुराबाई. पुढची दुसरी शीट. यंदा गंगा बघणार ती.”

मग मला डोळ्यांपुढचं नीट दिसेना, पण लिहीत गेले. दिवे लागायच्या आत एकतीस नावं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने परभणीला जाऊन बसवाल्याच्या टेबलावर नावं ठेवली. तो म्हणाला, “बाई, तुमचं भाषण इथवर ऐकू आलं म्हणतेत.” मी म्हटलं, “मंग भोंगा चांगला होता.”

गाव एवढ्यात सुधारलं असं मात्र समजू नका. डोहाळजेवणाला, हळदीकुंकवाला मला बोलावणं बंद झालं. पोरं मागून शब्द उच्चारून पळायची. मी समोर दिसले की दिनकरराव दुकानात शिरायचे. खानावळीतले दोन मास्तर डबा दुसरीकडे लावायला गेले. जा म्हटलं, तिथंही पाणी प्यायला देतातच.

दिवाळी झाल्यावर गाडी निघाली. सकाळची थंडी, देवळासमोर गर्दी, नारळ फुटला. घडवंचीवर पाय ठेवून एकेक जण चढला. सासूबाई दुसऱ्या शिटेवर, काखेत गंगाजलीचा रिकामा तांब्या. गाडीत भजन सुरू झालं. मानवत मागे पडलं. तास झाला तसं मी ड्रायव्हरला खूण केली आणि परभणीच्या अलीकडे, बाभळीची रांग होती तिथे, गाडी उभी राहिली.

अण्णासाहेब काठी घेऊन उतरले आणि दुसऱ्या बाजूला गेले. त्यांच्यामागे पुरुष गेले. रजा काढून आलेल्या नवऱ्याने आणि स्वयंपाकाला घेतलेल्या आचाऱ्याने बाभळींना कनात बांधली, पाण्याचा डबा ठेवला. मी दारात उभी राहून म्हटलं, “चला.”

एक बाई हलली नाही.

भजन थांबलेलं. वीस जणी मांडीवर हात ठेवून समोरच्या शिटेच्या पाठीकडे बघत बसलेल्या. कस्तुराबाईंनी खिडकीकडे तोंड केलं. सासूबाईंनी डोळे मिटून जप धरला. देवळात नाव द्यायला उठलेल्या ह्याच त्या बाया. नाव देणं वेगळं आणि सगळ्यांच्या देखत गाडीतून उतरून त्या कनातीकडे चालत जाणं वेगळं. ड्रायव्हर आरशातून बघत होता. पलीकडून पुरुष परत येऊ लागले होते.

“कुणालाच न्हाई का?” मी विचारलं.

भोंग्यावर एवढं बोलले होते, आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी पदर कमरेला खोचला, घडवंचीवरून खाली उतरले आणि सगळ्या गाडीला दिसेल अशी, रस्त्याच्या कडेने, कनातीकडे चालू लागले. घाई केली नाही. मान खाली घातली नाही. समोरून अण्णासाहेब येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कनातीकडे पाहिलं, बाजूला झाले आणि मला वाट दिली. मी आत गेले.

आतून मला काही ऐकू येत नव्हतं. वाऱ्याने कनातीचं कापड हलत होतं. मी मनाशी म्हटलं, एकटी तर एकटी. पंधरा-सोळा दिवस, दर तासाला, मी एकटी उतरेन. बघते किती तास बसता.

हात धुऊन बाहेर आले तर कनातीपासून गाडीच्या दारापर्यंत रांग लागली होती. सगळ्यांत पुढे सासूबाई, रिकामा तांब्या शेजारणीकडे दिलेला, लुगडं सावरत उभ्या.

“किती येळ लावलास गं,” त्या खेकसल्या. “सरक.”